सर्दीनंतर रेंगाळलेला खोकला की बालदमा?

सर्दी बरी झाली तरी मुलाचा खोकला जात नाही, हे घरोघरी चालतं. व्हायरल सर्दीनंतरची ढास तीन-चार आठवडे सहज रेंगाळते, आणि ती बहुतेक वेळा आपोआपच जाते. म्हणून सुरुवातीला वाट पाहणं मला तरी योग्यच वाटतं. मात्र त्या काळात खोकला आठवड्यागणिक उतरायला हवा. शिवाय सर्दीचा खोकला बहुधा आडवं पडल्या पडल्या सुरू होतो, कारण नाकातलं पाणी घशात उतरतं. सकाळी उठल्यावरही तो येतो. दम्याच्या खोकल्यात मूल छान झोपतं आणि पहाटे दोन-चारच्या सुमारास कोरड्या ढासेनं जागं होतं.

आमच्या सात वर्षांच्या लेकीच्या बाबतीत निकाल लावला तो खो-खोनं. खेळताना ती खोकायची नाही. खेळ संपवून पायरीवर बसली, पाण्याची बाटली उघडली, की पाचेक मिनिटांत ढास लागायची आणि प्यायलेलं पाणीही बाहेर यायचं. रोज तेच! धावताना तोंडानं भराभर घेतलेल्या हवेनं श्वासनलिका कोरड्या आणि थंड पडतात आणि दमेकरी मुलांत त्या धावणं थांबल्यावर आक्रसतात. सर्दीनंतरचा नाजूक घसाही धावल्यावर खवखवतो, त्यामुळे एवढ्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. पण आमच्याकडे महिना उलटला तरी खोकला तसूभरही कमी होईना, आणि घरात आजीला दमा, लेकीला लहानपणी एक्झिमा.

डॉक्टरांनी छाती तपासली, तर ती स्वच्छ. नुसत्या खोकल्याच्या रूपात येणाऱ्या दम्यात घरघर ऐकूच येत नाही, त्यामुळे ‘छाती साफ आहे’ एवढ्यावर दमा बाद होत नाही. फुंकून करायची स्पायरोमेट्री साधारण सहाव्या वर्षापासून जमते, पण दिवसा तीही नॉर्मल येऊ शकते. उलट, नुसता कोरडा खोकला असलेल्या बहुतेक मुलांना दमा नसतो, हेही खरं. खोकला ओला, कफाचा असेल, ताप किंवा वजन घटणं असेल, किंवा शेंगदाणा वगैरे खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर शोध वेगळ्याच दिशेनं घ्यावा लागतो.

एवढं सगळं धरून माझा कल थोडा पंपाच्या बाजूनं आहे, पण मुदत ठरवूनच. कमी मात्रेचं स्टेरॉइड पंपाला जोडायच्या नळीतून, म्हणजे स्पेसरमधून, काही आठवडे द्यायचं आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करून पाहायचं. हा बंद करण्याचा भाग अनेकजण गाळतात. पण सर्दीचा खोकला त्या काळात तसाही गेला असता, त्यामुळे नुसतं बरं वाटल्यानं काही सिद्ध होत नाही. आमच्याकडे रात्री शांत झाल्या, पंप थांबवला आणि थोड्याच दिवसांत पायरीवरची ढास परतली. पुन्हा सुरू केल्यावर ती गेली.