हापूस: डझनाचा भाव आणि किलोचा भाव

पुण्यात हापूस आजही डझनावर विकला जातो, केशर मात्र किलोवर. त्यामुळे मार्केट यार्डात किंवा कोपऱ्यावरच्या गाळ्यावर दोन भाव ऐकले, तरी त्यांची तुलना लगेच करता येत नाही. डझन हे माप नगांचे आहे आणि फळाचा आकार त्यात दिसत नाही. कोकणातली पेटी चार डझनांची असेल तर फळ मोठे आणि सहा-सात डझनांची असेल तर लहान, एवढे व्यापारी गृहीत धरतात. सुटा डझन घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

म्हणून तराजू मागावा. उदाहरणादाखल, एका गाळ्यावर 250 ग्रॅमची फळे 900 रुपये डझन आहेत आणि शेजारी 190 ग्रॅमची 700 रुपये. पहिला डझन 3 किलोचा, म्हणजे किलोला 300 रुपये; दुसरा 2.28 किलोचा, म्हणजे किलोला सुमारे 307. दोनशे रुपयांनी स्वस्त दिसणारा डझन प्रत्यक्षात किंचित महागच पडला, शिवाय लहान फळात साल आणि कोय यांचा वाटा अधिक असल्याने रस आणखी कमी निघतो. नैवेद्याला बारा अखंड फळेच हवी असतील तर मात्र लहान डझन घेण्यात काही चूक नाही.

किलोच्या भावातही एक मेख आहे. कच्चे फळ आढीत पिकताना पाणी गमावते. वरचाच 3 किलोचा डझन कच्चा घेतला आणि पिकेपर्यंत दोनशे ग्रॅम घटला, तर 300 रुपयांचा भाव 321 वर जातो. त्यामुळे तयार आंबा 320 रुपये किलोने मिळत असेल तर कच्चा घेण्यात बचत राहत नाही, उलट एखादे फळ नासण्याची जोखीम आपल्याकडे येते.

आठवड्याचा फरक या सगळ्याहून मोठा असतो. अक्षय्य तृतीयेच्या आधी मागणी एकदम वाढते आणि भाव चढतो; मे महिन्याच्या मध्यापर्यंत आवक वाढल्यावर तो सहसा उतरतो. आमरसासाठी पाच-सहा डझन घ्यायचे असतील तर सणापुरता एक डझन घेऊन बाकीची खरेदी तेव्हा करणे मला योग्य वाटते. पहिला वळीव पडून गेल्यावर भाव आणखी खाली येतो, पण तेव्हा सालीवरचे काळे डाग आणि फळमाशीची अळी वाढते, म्हणून त्या आठवड्यातला स्वस्त डझन बाराऐवजी दहा फळांचा धरून हिशेब करावा. 700 रुपयांच्या डझनात दोन फळे टाकावी लागली, तर उरलेले प्रत्येक फळ 58 ऐवजी 70 रुपयांना पडते. साका, म्हणजे गरात तयार होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, तर बाहेरून ओळखताच येत नाही आणि मोठ्या फळात तो अधिक आढळतो. त्यामुळे सर्वांत मोठ्या प्रतीसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी त्याच पेटीतले एक फळ विकत घेऊन तिथेच कापून पाहावे.