रव्यातली की नुसत्या मसाल्याची? तव्यावरची कोळंबी

बाजारातून कोळंबी आणली, सोलली, दोरा काढला. आता ती रव्यात घोळवून तळायची की हळद-तिखट-मीठ लावून तशीच तव्यावर टाकायची, हे बहुतेक घरी सवयीने ठरतं. माझ्या मते ते कोळंबीच्या आकारावरून ठरवावं.

कारण साधं आहे. मध्यम आचेवर रवा खरपूस व्हायला एका बाजूला दीड-दोन मिनिटं लागतात. मध्यम कोळंबी, म्हणजे किलोला पन्नास-साठ बसतात ती, दोन्ही बाजू मिळून दीड मिनिटात शिजते. तिला रवा लावला की दोनच गोष्टी होतात: रवा पांढरट राहतो, नाहीतर रवा छान होतो आणि आतली कोळंबी चिवट. किलोला पंचवीस-तीस बसणाऱ्या मोठ्या कोळंबीत मात्र हिशोब जुळतो. रव्याचं आवरण उष्णता थोडी अडवतं, त्यामुळे पहिली बाजू दोन मिनिटं आणि दुसरी दीड मिनिट तिला सोसते.

नुसत्या मसाल्याच्या कोळंबीला आच मोठी हवी. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा चांगला तापवायचा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे. मग तेल, आणि लगेच कोळंबी. मध्यम आकाराला पहिली बाजू पन्नास सेकंद ते एक मिनिट, दुसरी अर्धं मिनिट. मोठीला पहिली सव्वा ते दीड मिनिट, दुसरी पाऊण ते एक मिनिट. दुसऱ्या बाजूला वेळ कमी लागतो, कारण उलटेपर्यंत उष्णता अर्ध्याच्या वर चढलेली असते. शिवाय उतरवल्यावरही कोळंबी आतल्या आत थोडी शिजत राहते.

हे सेकंद खरे ठरायला तव्यावर गर्दी नको. पाव किलो सोललेली मध्यम कोळंबी मी घरच्या तव्यावर तीन घाण्यांत करते, मध्ये बोटभर जागा सोडून. एकदा पाहुणे दारात म्हणून सगळी एकदम ओतली. तवा गार पडला, पाणी सुटलं आणि कोळंबी त्या पाण्यात उकडली. पाणी आटेपर्यंत पाचेक मिनिटं गेली, आणि ताटात आलं ते रबर. तेव्हापासून कोळंबी आधी कापडावर टिपून कोरडी करते. बर्फातली असेल तर पूर्ण सुटल्यावर पुन्हा एकदा. लिंबू किंवा कोकमाचं आगळही तव्यावर टाकायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लावते. जास्त वेळ ठेवलं की आंबटाने वरचा थर तव्याआधीच घट्ट होतो. नुसत्या प्रकारात लसणाची पेस्ट जाड थापू नये. एवढ्या आचेवर ती कोळंबीआधी करपते.

झाली की नाही हे ओळखण्यात दोन्ही प्रकारांत मोठा फरक पडतो. नुसत्या कोळंबीत सगळं डोळ्यांसमोर असतं. राखाडी, काचेसारखा भाग खालून वर पांढरा होत जातो. तो बाजूने अर्ध्यावर आला की उलटायचं. हळद-तिखटाने गुलाबी रंग झाकला जातो, म्हणून रंगापेक्षा हा काचेसारखेपणा जातो का ते पाहावं. दोरा काढताना पाठीवर चीर दिली असेल तर डोक्याकडच्या जाड भागात त्या चिरेत डोकवायचं. तिथली काच गेली की त्याच क्षणी उतरवायची. शेपटीवर विसंबू नये. ती पातळ, सगळ्यात आधी केशरी होते.

रव्यात हे काहीच दिसत नाही. तिथे घड्याळ आणि आकार एवढाच आधार, म्हणून पहिल्या घाण्यातली एक कोळंबी मोडून बघावी आणि पुढचा वेळ त्यावरून धरावा. चार चमचे बारीक रव्याला एक चमचा तांदळाचं पीठ पुरतं. तव्यावर टाकायच्या अगदी आधी घोळवायचं, कारण ठेवली की रवा ओला होऊन तेलात सुटतो. दोन घाण्यांमध्ये तवा पुसावा, नाहीतर उरलेला रवा जळून पुढच्याला चिकटतो.

जास्त झालेली कोळंबी दोन्हीकडे सारखीच ओळखू येते. नीट शिजलेली कोयरीसारखी सैल वळते. जास्त झालेली गुंडाळून शेपूट डोक्याकडच्या टोकाला लावते, बरीच आखडते, आणि तिच्यातलं पिळून निघालेलं पाणी ताटात साचतं. चावल्यावर आधी करकर आणि मग कोरडा, खडूसारखा चोथा. रव्यातल्या कोळंबीत याच पाण्याने खालचं आवरण ओलं होऊन सुटतं.

तेव्हा मोठी कोळंबी असेल आणि डाळभाताबरोबर कुरकुरीत काही हवं असेल तर रवा. मध्यम असेल तर नुसत्या मसाल्याचीच. करंदीला, म्हणजे अगदी बारीक कोळंबीला, यातलं काहीच नको, तिचं कांद्यावर सुकं करावं. आणि जेवणारे उशिरा येणार असतील तर तळून ठेवू नका. मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवा, आंबट तेवढं मागाहून, आणि पानं मांडल्यावर तवा तापवा.