शोधलेला शब्द लेखात नसेल तेव्हा: जेलिनेक-मर्सर की डिरिश्ले?

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या जुन्या अंकांसाठी शोधयंत्रणा बसवताना आमची चर्चा एकाच शोधावर अडून बसली: «पानशेत पूर». १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले. त्यावरचे काही लिखाण शंभरेक शब्दांच्या टिपणांत आहे, काही लांबलचक लेखांत. टिपणांत बरेचदा ‘धरण फुटले’ एवढेच असते आणि ‘पूर’ हा शब्द येतच नाही.

पाँट आणि क्रॉफ्ट यांनी १९९८ मध्ये मांडलेली क्वेरी लाइकलिहूडची पद्धत प्रत्येक लेखाला एकच प्रश्न विचारते: या लेखातून शब्द उचलत गेलो, तर ही क्वेरी, म्हणजे शोधलेले शब्द, हाती लागण्याची शक्यता किती? शब्दाशब्दाच्या शक्यतांचा गुणाकार होतो, म्हणून एक शब्द गैरहजर असला की सगळे शून्य. ते टाळायला संपूर्ण संग्रहातली त्या शब्दाची शक्यता थोडी उसनी घेतात. यालाच स्मूदिंग म्हणतात. किती उसने घ्यायचे, इथेच जेलिनेक-मर्सर आणि डिरिश्ले या दोन पद्धती वेगळ्या होतात.

```
JM:        (1 - lambda) * tf/dl + lambda * p
Dirichlet: (tf + mu * p) / (dl + mu)
```

`tf` म्हणजे शब्द लेखात किती वेळा आला, `dl` लेखाची लांबी, `p` संग्रहातली शक्यता. किती उसने घ्यायचे ते `lambda` आणि `mu` हे आकडे ठरवतात. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. संग्रह १० लाख शब्दांचा, त्यात ‘पानशेत’ २०० वेळा आणि ‘पूर’ १,००० वेळा. टिपण १०० शब्दांचे: ‘पानशेत’ ४, ‘पूर’ ०. लेख २,००० शब्दांचा: ‘पानशेत’ १०, ‘पूर’ ६.

जेलिनेक-मर्सरमध्ये `lambda` ०.१ ठेवला, तर टिपणाला ‘पूर’साठी फक्त ०.०००१ मिळतात आणि लेख साधारण साडेतीन पटींनी वर येतो. तोच `lambda` ०.७ केला की टिपण तीन पटींहून जास्त पुढे जाते! गैरहजेरीची शिक्षा इतकी सौम्य होते की शंभर शब्दांत चारदा आलेले ‘पानशेत’ बाजी मारते. दोनतीन शब्दांच्या शोधात सगळे शब्द हवेच असतात, म्हणून तिथे ०.१ च्या आसपास. वाक्यभर लांब शोधात निम्मे शब्द भरतीचे असतात, तिथे ०.७ योग्य. (इथे `lambda` हा संग्रहाचा वाटा आहे. काही पुस्तकांत तो लेखाचा वाटा असतो. आकडा उचलण्याआधी सूत्र पाहाच.)

डिरिश्ले उसनवारी लांबीप्रमाणे ठरवते. `mu` २,००० असेल, तर टिपणाच्या अंदाजात संग्रहाचा वाटा ९५ टक्के आणि लेखाच्या अंदाजात ५० टक्के. शंभर शब्दांच्या टिपणात ‘पूर’ नाही, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. पण चारदा आलेल्या ‘पानशेत’वरही तितकाच कमी भरवसा. लेख २.६ पटींनी वर राहतो. मला हा हिशेब जास्त पटतो, कारण लहान-मोठे लिखाण एकत्र असताना जेलिनेक-मर्सर दोघांना एकाच वाट्याने उसने देते.

पण संग्रहात नुसत्या पन्नास शब्दांच्या सूचनाच असतील, तर २,००० चा `mu` लांबी जवळजवळ पुसून टाकतो: २० आणि ८० शब्दांच्या सूचनांत शब्द एकेकदाच आला, तर गुणांत फरक तीनच टक्के. अशा वेळी `mu` सरासरी लांबीच्या जवळ आणून पाहावा.

इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेत `LMDirichlet` चा `mu` मुळातच २,००० असतो, पण त्यामागचे ल्युसीन वरचे सूत्र जसेच्या तसे चालवत नाही. ते सूत्राच्या उत्तराला `p` ने भागून त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेते, आणि शब्दाचे गुण ऋण आले तर ते शून्य करते. आपल्या २,००० शब्दी लेखात ‘पूर’ एकदाच असता, तर गुण निघाले असते उणे ०.२९, म्हणजे शून्य; एकदा असणे आणि मुळीच नसणे सारखेच. शिवाय नसलेल्या शब्दासाठी लांबीची वजावटही होत नाही, म्हणून शब्द गाळणारा लांब लेख सूत्रापेक्षा वर तरंगतो. शोधाला `"explain": true` जोडा: शब्द लेखात दिसतोय आणि त्याचे गुण शून्य, तर कारण हेच.

आमच्या मिश्र अंकांना मी डिरिश्लेच निवडले. मात्र त्याआधी एक काम करावे लागले. ‘पुरात’, ‘पुराचे’, ‘पुराने’ ही रूपे यंत्राला ‘पूर’ वाटत नव्हती, आणि आम्ही गैरहजर धरलेली कितीतरी टिपणे प्रत्यक्षात पुराबद्दलच होती. ती उणीव कुठलाच `mu` भरून काढत नाही; त्यासाठी आधी सामान्यरूपे मूळ शब्दावर आणावी लागतात, आणि `mu` त्यानंतरच ठरवायचा.