१६५ हर्ट्झचा मॉनिटर: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

दिवाळीत २७ इंची, २५६० × १४४० चा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. कोथरूडच्या घरी दिवसा त्यावर ऑफिसचा लॅपटॉप असतो आणि रात्री गेमिंगचा पीसी. पॅनल आणि स्टँड दोन्ही झकास, तक्रारीला जागा नाही. लिहायचंय ते मागच्या पोर्टबद्दल. खोक्यावर १६५ ठळक छापलंय, पण आतल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत आहे: डिस्प्लेपोर्ट १.४ वर १६५, एचडीएमआय २.० वर १४४.

यामागचं गणित सरळ आहे. २५६० × १४४० × १६५ × २४ बिट म्हणजे सेकंदाला साधारण १४.६ गिगाबिट. एचडीएमआय २.० चा आकडा १८ सांगतात, पण चित्रासाठी त्यातले १४.४ च मिळतात. १४४ हर्ट्झला, दोन फ्रेममधला रिकामा वेळ धरूनही, काम १४.१ च्या आसपास भागतं. म्हणजे जेमतेम बसतं.

जेमतेम म्हणजे काय, ते लॅपटॉपवर एचडीआर सुरू केल्यावर दिसलं. रंग १० बिटचे झाले की तेच १४४ हर्ट्झ १७.६ मागतं. स्क्रीन काळी पडली नाही, १४४ ही तसंच राहिलं, पण कोड एडिटरमधली काळ्यावरची लाल अक्षरं कडांना पसरल्यासारखी दिसायला लागली. विंडोज ११ मध्ये Settings > System > Display > Advanced display उघडलं, तर Color format समोर RGB ऐवजी YCbCr422. ड्रायव्हरने रंगांचा तपशील अर्धा करून जागा काढली होती. सिनेमात हे कळत नाही, अक्षरांत लगेच कळतं.

अशा वेळी महागडी ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड केबल लावून काही होत नाही, कारण अडतंय ते पोर्टवर. माझ्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट सिग्नल निघतो. तापकीर गल्लीतून सी-टू-डीपी केबल आणली आणि १६५, १० बिट, RGB तिन्ही एकत्र मिळालं. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये चित्रासाठी २५.९ गिगाबिट असतात, त्यामुळे हे आरामात बसतं. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र निघत नाही, तेवढं लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघून घ्या.

केबल कुठे आडवी येते ते पीसीवर कळलं. टेबलामागून फिरवायला ५ मीटरची बारीक डीपी केबल लावली, तर गेम खेळताना मधूनच स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन परत यायची. १२० हर्ट्झवर तेच बंद. कमी वेगाला नीट चालतं आणि जास्त वेगाला तुटतं, तेव्हा संशय आधी केबलवर घ्यावा. दुकानात "१.४ ची केबल" मागण्यापेक्षा व्हेसा प्रमाणित DP8K मागा आणि लांबी २ मीटरच्या आत ठेवा. तशी लावल्यापासून एकदाही ब्लिंक नाही.

मॉनिटर घ्या, नक्की घ्या. फक्त तुमच्या मशीनला एचडीएमआय २.० एवढाच पोर्ट असेल, तर १४४ चं मॉडेल घेऊन फरकाचे पैसे वाचवा.