सात महिने ग्लुकोमीटर वापरल्यावर: संत्र्याचा हात आणि ३१८चा आकडा

आमचं गाव वरूड तालुक्यात. शुगर तपासायला तालुक्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, म्हणून दिवाळीनंतर मामाजींसाठी मशीन घेतली. पहिले तीन महिने काही कुरकुर नव्हती. उपाशीपोटी १२० ते १५०च्या दरम्यान आकडा यायचा, मी वहीत लिहून ठेवायची.

फेब्रुवारीत मृग बहाराची तोड सुरू होती. व्यापारी बघायला आला की मामाजी स्वतः दोन-चार संत्री सोलून त्याच्या हातावर ठेवतात, स्वतः फोडही तोंडात टाकत नाहीत. त्या संध्याकाळी बागेतून आले आणि जेवणाआधी मी शुगर पाहिली, तर ३१८. मामाजी चिडले. "म्या त सकाऊनपासून चहाबी फिकाच घेतला जी, मंग एवढी कायची वाढली?" डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर आकडा तीनशेच्या वर गेला तर इन्सुलिन किती वाढवायचं ते होतं. मी तेवढं भरायलाही घेतलं होतं. पण माणूस टुणटुणीत, ना तहान ना थकवा, म्हणून आधी उपकेंद्रातल्या ताईंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "हात धुतले होते का?"

धुतले नव्हते. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं होतं, आणि मला ते पुरेसं वाटत होतं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं, तर १३४. दहा मिनिटांत शुगर एवढी उतरत नाही. ते वाढीव इन्सुलिन टोचलं असतं, तर रात्री झोपेत शुगर कुठवर खाली गेली असती, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःवर करून पाहिलं. मला शुगर नाही. संत्रं सोललं आणि बोट तसंच कोरडं होऊ देऊन टोचलं, तर २४१. दुसरं बोट संत्र्यानंतर फक्त स्पिरिटने पुसलं, तर १७८. साबणाने धुतल्यावर ९६. तीन पट्ट्या गेल्या, पण खात्री पटली.

कारण साधं आहे. पट्टीला जेमतेम एक मायक्रोलिटर रक्त लागतं, काही पट्ट्यांना त्याहूनही कमी. शुगर १०० असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं फक्त एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटावर वाळलेल्या रसातून तेवढंच ग्लुकोज थेंबात उतरलं तर आकडा थेट दुप्पट. डोळ्याला काही दिसत नाही, बोट चिकटही लागत नाही. स्पिरिटचा बोळा रस पुरता काढत नाही, आणि स्पिरिट ओलं राहिलं तर तेही थेंबात मिसळतं. आम्ही आता बोळा वापरतच नाही. साबण, पाणी आणि स्वच्छ फडकं. ओलं बोटही नको, पाण्याने रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो.

मामाजींची बोटं फावड्याने घट्टे पडलेली, रक्त लवकर येत नाही. मग आम्ही बोटाचं टोक चांगलं पिळायचो. पिळल्याने आजूबाजूच्या मांसातलं पाणीही रक्तात येतं आणि आकडा बहुतेक वेळा कमी लागतो. एकदा पिळून ९७ आला, लगेच दुसऱ्या बोटाचा न पिळता १२१. तरी एवढ्यावरून मी शपथ घेणार नाही, कारण या मशीनना १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. आता कोमट पाण्याने हात धुवायचे, हात मिनिटभर खाली सोडायचा, टोचायच्या पेनची खोली एक घर वाढवायची आणि बोटाच्या कडेला टोचायचं. तळहाताकडून बोटाकडे हलकं चोळलं की थेंब आपोआप उभा राहतो.

पट्ट्यांचं दुखणं मे महिन्यात कळलं. यजमानांनी नवी डबी आणली आणि ती दुपारभर गाडीच्या डिक्कीत राहिली. डबीवर तीस अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलंय, आणि आमच्याकडे सावलीतच चाळीसच्या वर! त्या पट्ट्या एकाच बोटाच्या रक्ताला १०५, १६० असं काहीही दाखवायच्या. मशीनने एकदाही तक्रार केली नाही, आकडा आपला खुशाल दिला. ती डबी फेकली. आता डबी आतल्या खोलीत माठाशेजारच्या कोनाड्यात असते, पण माठाला चिकटून नाही, कारण पट्टीला ओलही चालत नाही. पट्टी काढली की झाकण लगेच बंद. छापील मुदत एक आणि डबी उघडल्यानंतरची मुदत वेगळी, आमच्या डबीवर ती तीन महिने आहे. म्हणून उघडल्याची तारीख पेनाने झाकणावर लिहिते.

मशीन चांगली आहे. तालुक्याच्या लॅबमध्ये उपाशीपोटी १६२ आली, त्याच वेळी तिथेच बसून आमच्या मशीनवर १५४. टोचायच्या पेनची स्प्रिंग मात्र चौथ्या महिन्यात ढिली पडली, त्याचा एक तारा कापते. मामाजी आता मशीन दिसली की आधी मोरीकडे जातात आणि तिथूनच ओरडतात, "धुतले वो, धुतले!"