इलॅस्टिकच्या दोऱ्याने चुण्या: एका उन्हाळ्यानंतर

फेब्रुवारीत मी मलमलचा एक टॉप शिवला. छातीपासून कमरेपर्यंत चुण्यांचा, वर बारीक पट्ट्या. आमच्या टेलरकाका याला ‘स्मॉकिंग’ म्हणतात. खरं स्मॉकिंग हाताने भरतकामासारखं करतात, पण बाजारात हाच शब्द चालतो. टॉप मार्च ते जून आठवड्यातून दोनदा तरी अंगावर होता. आता त्याच्याबद्दल नीट सांगता येईल.

रीत साधी वाटते. वर नेहमीचा पॉलिस्टर दोरा, बॉबिनवर इलॅस्टिकचा दोरा, आणि कापडाची सुलट बाजू वर ठेवून सरळ शिलाई. इलॅस्टिक उलट बाजूला राहतं. बॉबिन हातानेच भरायची, दोरा जेमतेम ताठ राहील इतपत. पहिल्यांदा मी चुण्या जास्त याव्यात म्हणून दोरा खेचून गुंडाळला. परिणाम असा की सुरुवातीला कापड नुसतं आवळलं आणि बॉबिन रिकामी होत आली तशी चुण्यांची दाटी बदलत गेली. चार ओळी उसवाव्या लागल्या.

चुण्या खऱ्या येतात त्या टाक्याच्या लांबीने. तीस सेंटिमीटरच्या तुकड्यावर एकेक सेंटिमीटर अंतराने पाच ओळी मारून पाहिल्या. टाका अडीचवर ठेवला तेव्हा तुकडा चोवीसवर आला, चारवर ठेवला तेव्हा अठरावर. आखूड टाक्यात इलॅस्टिक इतक्या ठिकाणी अडकतं की त्याला आखडायला जागाच उरत नाही. मी चार पक्का केला.

मग वाफ. इस्त्री कापडापासून बोटभर वर धरली, वाफ सोडली, टेकवली मुळीच नाही. अठराचा तुकडा डोळ्यांदेखत पंधरावर आला. शिवताना इलॅस्टिक ताणलेलं असतंच, पण कोरं कापड त्याला अडवून धरतं. वाफेने कापड मऊ पडलं की ते आत ओढून घेतं. म्हणून नमुन्याचं माप वाफ दिल्यावरच घ्यायचं. मशीनवरून काढलेला तुकडा पाहून ‘चुण्याच येत नाहीत’ म्हणत मशीनच्या दोऱ्याचं टेन्शन पिळत बसणाऱ्या दोन मैत्रिणी मला माहीत आहेत.

तीसचे पंधरा, म्हणजे निम्मे. माझी छाती ८८ सेंटिमीटर. टॉप घसरू नये म्हणून सैल अवस्थेत तो ७५ च्या आसपास हवा होता, म्हणून आधी धुऊन घेतलेलं कापड दीड मीटर रुंद घेतलं: मागचा-पुढचा भाग एका कडेने जोडलेला, दुसरी कड उघडी, कारण सपाट कापडावर ओळी मारणं सोपं. खडूने फक्त पहिली ओळ आखली. पुढे मशीनच्या फूटची कड आधीच्या ओळीवर ठेवत गेले. दुसऱ्या ओळीपासून कापड दोन्ही हातांनी सपाट ताणून धरायचं, नाहीतर आधीच्या चुण्या शिलाईत अडकतात. पहिली ओळ ढिलीच दिसते, त्याने घाबरू नये. चौदा ओळींना माझ्या तीन बॉबिन लागल्या. त्या आधीच भरून ठेवा, कारण ओळीच्या मधोमध इलॅस्टिक संपलं तर ती ओळ पुन्हा मारावी लागते.

बॉबिन केसचं बोलायला हवं. माझ्या जुन्या मशीनच्या धातूच्या केसमध्ये हा दोरा पहिल्याच फेरीत नीट धरला गेला. बहिणीच्या मशीनमध्ये बॉबिन वरून आडवी बसते. तिथे जाडसर दोरा पट्टीखाली बसतच नव्हता आणि उलट बाजूला इलॅस्टिकचे सैल फासे दिसत होते. दोरा पुन्हा नीट ओवून केसचा स्क्रू पाव फेरा आवळल्यावर जमलं. स्क्रूला हात लावण्याआधी मार्करने खूण करून ठेवा. नेहमीच्या शिलाईला परत तिथेच आणायचा असतो.

चार महिन्यांत काय झालं? मधल्या ओळी अजून घट्ट आहेत. काखेखालची सर्वांत वरची ओळ मात्र सैल पडली, कारण टॉप घालता-काढताना सगळा ताण तिच्यावर येतो. दुसऱ्या टॉपला वरच्या दोन ओळी अर्ध्या सेंटिमीटरवर मारल्या आहेत. एका ओळीचं टोक बाजूच्या शिवणीतून निसटलं आणि ती ओळ तीन बोटं उलगडली. तिथे मी फक्त मागेपुढे शिलाई मारली होती, आणि इलॅस्टिक त्यातून सरकतं. आता दोन्ही दोरे उलट बाजूला ओढून गाठ मारते आणि वर बाजूची शिवण दोनदा घालते.

मे महिन्यात घाईत एकदा टॉपवर इस्त्री चक्क फिरवली. पुढच्या भागाच्या चुण्या पापडासारख्या चपट्या झाल्या. पुन्हा वाफ देऊन थोड्या उठल्या, पूर्वीसारख्या नाहीत. तेव्हापासून धुतल्यावर पिळत नाही, सावलीत आडवा वाळत घालते आणि इस्त्री फक्त पट्ट्यांना लावते.

जाड पॉपलिनवर याच दोऱ्याने प्रयत्न केला होता. चारच्या टाक्यावर, वाफ देऊनही, तीसचे जेमतेम पंचवीस झाले. त्याची मी उशीची खोळ केली.