नऊपैकी आठ गुण मिळालेली कंपनी आम्ही विकत घेतली

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रण म्हणजे मशीनिंगचा कारखाना आहे. २०२३ मध्ये पुण्याकडची एक छोटी खाजगी कंपनी आम्ही साडेनऊ कोटींना पूर्णपणे विकत घेतली आणि फसलो. कागदपत्रे खोटी नव्हती, लेखापरीक्षकाच्या सह्या खऱ्या होत्या, म्हणूनच ही फसवणूक कशी झाली हे आकड्यांसह लिहीत आहे.

आमच्या सल्लागाराने अकरा कंपन्यांची यादी केली होती आणि ती गाळण्यासाठी नऊ गुणांची चाचणी लावली होती. ही चाचणी जोसेफ पिओट्रोस्की या अमेरिकी लेखाशास्त्रज्ञाची, २००० साली प्रसिद्ध झालेली. नफा झाला का, कामकाजातून रोख आली का, मालमत्तेवरचा परतावा वाढला का आणि रोख नफ्यापेक्षा जास्त आहे का, हे नफ्याचे चार गुण. दीर्घ मुदतीचे कर्ज मालमत्तेच्या प्रमाणात घटले का, चालू गुणोत्तर, म्हणजे वर्षभरात फेडायच्या देण्यांच्या मानाने वर्षभरात रोख होणारी मालमत्ता, सुधारले का आणि नवे भागभांडवल उभारावे लागले नाही ना, हे कर्ज व तरलतेचे तीन. ढोबळ नफ्याचे प्रमाण आणि मालमत्तेमागची विक्री वाढली का, हे कार्यक्षमतेचे दोन. प्रत्येक प्रश्नाला होय म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. सुधारणा किती झाली याला किंमत नाही. ढोबळ नफा ३१.२ वरून ३१.९ टक्क्यांवर गेला तरी पूर्ण गुण मिळतो.

या कंपनीला २०२२-२३ च्या ताळेबंदावर आठ गुण मिळाले. एकच गुण गेला होता, चालू गुणोत्तराचा, ते १.२९ वरून १.१८ वर आले होते. "वाढत्या धंद्यात एवढे चालायचेच," असे सल्लागार म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. त्या पत्रकावर खरे बोलणारा तेवढा एकच रकाना होता, हे नंतर कळले.

ताबा घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी एका फाउंड्रीचे मालक स्वतः आले. त्यांच्या हातात बिलांचा गठ्ठा होता आणि सर्वांत वरचे बिल जानेवारीचे होते. आम्ही ऑगस्टमध्ये बसलो होतो. "साहेब, जुने मालक म्हणाले होते, नवीन पार्टी आली की एकरकमी मिळेल," एवढेच ते बोलले. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत असे आणखी सहा पुरवठादार आले. मार्चअखेरपर्यंत थकवलेली, म्हणजे नेहमीच्या मुदतीपलीकडे रोखून धरलेली देणी ९० लाखांची निघाली. ताळेबंदातील देण्यांच्या वयाच्या तक्त्यात एक वर्षाच्या आतली सगळी देणी एकाच रकान्यात येतात, त्यामुळे पंचेचाळीस दिवस आणि दोनशे दिवस यांतला फरक तिथे दिसत नाही. पुरवठादारांचे खातेउतारे मागितले असते तर तो अर्ध्या तासात दिसला असता.

दुसरी गोष्ट बँकेच्या पत्राने कळली. मार्चमध्ये कंपनीने १ कोटी ४० लाखांची विक्री-बिले बँकेत वटवून पैसे उचलले होते. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर बँक ते कंपनीकडूनच वसूल करणार होती, म्हणजे व्यवहारात ते कर्जच होते. पण ताळेबंदात ते कर्जात न दाखवता येण्यांतून वजा केले होते आणि अखेरच्या टिपांमध्ये 'संभाव्य देणी' या मथळ्याखाली एक ओळ होती. ती ओळ आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. मालाच्या तक्रारीवरून ग्राहकाने पैसे अडवले आणि बँकेने ती सगळी रक्कम आमच्या खात्याला नावे टाकली.

आता रोखीचा हिशेब पाहा. कंपनीने कामकाजातून २ कोटी १० लाखांची रोख दाखवली होती आणि नफा होता ८० लाख, म्हणजे दोन गुण पक्के. वटवलेल्या बिलांचे १ कोटी ४० लाख आणि रोखलेल्या देण्यांचे ९० लाख वजा केले की उरते उणे २० लाख. दोन्ही गुण गेले. नफ्यापेक्षा रोख जास्त असणे ही हिशेबातल्या फुगवट्याला पकडणारी कसोटी समजली जाते, पण वर्षअखेरीस देणी लांबवून आणि येणी आधी उचलून नेमकी तीच कसोटी सर्वांत सहज पार करता येते.

तिसरी गोष्ट स्टोअरमध्ये होती. मागच्या भिंतीलगत लोखंडी पेट्यांत तयार ब्रॅकेट रचलेले होते, त्यांच्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती आणि ते ज्या मॉडेलचे होते त्याची ऑर्डर वर्षभरापूर्वीच बंद झालेली होती. विक्री फक्त ४० लाखांनी वाढलेली असताना साठा १ कोटी ७० लाखांनी वाढला होता. विक्रीपेक्षा जास्त उत्पादन केले की कारखान्याच्या स्थिर खर्चाचा काही भाग साठ्याच्या किमतीत जाऊन बसतो, त्या वर्षीचा खर्च कमी दिसतो आणि ढोबळ नफा वाढतो. न खपणारा माल ६० लाखांनी खाली आणल्यावर नफा २० लाखांवर आला. आदल्या वर्षी तो ३० लाख होता, तेव्हा परतावा वाढल्याचा गुण गेला आणि ढोबळ नफ्याचाही गेला.

मालमत्तेमागच्या विक्रीचा गुण मात्र थेट आमच्या सल्लागाराच्या पत्रकातून आला होता, आणि त्याचा राग मला अजून आहे. कंपनीने वर्षाच्या शेवटी दोन व्हीएमसी यंत्रे १ कोटी १० लाखांना मालकाच्या मेव्हण्याच्या फर्मला विकून तीच भाड्याने घेतली होती. मूळ चाचणीत विक्रीला वर्षाच्या सुरुवातीच्या मालमत्तेने भागायचे असते. तसे केले तर २४ कोटींना २० कोटींनी भागून १.२० येतात आणि आदल्या वर्षी २३.६ कोटींना १९.२ कोटींनी भागून १.२३ येतात, म्हणजे घसरण. सल्लागाराने दोन्ही वर्षी अखेरची मालमत्ता घेतली. यंत्रे विकल्याने आणि येणी उचलल्याने ती १८.५ कोटींवर आली होती, म्हणून १.१८ वरून १.३० अशी झकास वाढ दिसली.

उरले तीन गुण. नफा शून्याच्या वर होता, नवे भांडवल उभारले नव्हते आणि टर्म लोन खरोखरच ६ कोटींवरून २ कोटी ८० लाखांवर आले होते. फरक एवढाच की ते यंत्रांच्या विक्रीतून, बँकेने उचल दिलेल्या बिलांतून आणि फाउंड्रीवाल्यांच्या पैशांतून फेडले होते. आठाचे तीन झाले.

पिओट्रोस्कींचा अभ्यास १९७६ ते १९९६ या काळातल्या, पुस्तकी किमतीच्या मानाने अतिशय स्वस्त असलेल्या अमेरिकी सूचिबद्ध शेअर्सचा होता. अनेक शेअर्सचा संच सरासरीने कसा वागतो, एवढे तो सांगतो. त्यातल्या कंपन्यांना कोणी आपले गुण मोजत असल्याची कल्पना नव्हती. आमच्या विक्रेत्याला ती होती. चाचणीचे कोरे पत्रक माहिती भरण्यासाठी सल्लागारानेच त्याला ऑक्टोबर २०२२ मध्ये पाठवले होते, म्हणजे वर्ष संपायला पुरते पाच महिने शिल्लक असताना.

२ कोटी ३० लाख आम्ही मागाहून भरले. करारात किमतीचा कोणताही भाग राखून ठेवलेला नव्हता, त्यामुळे वसुलीसाठी लवादापुढे गेलो आहोत. सध्या सांगलीकडची एक कंपनी पाहत आहोत, तिचे गुण पाच आहेत. तिच्या मालकांकडे आम्ही मार्चऐवजी मे महिन्याचे बँक उतारे आणि दहा मोठ्या पुरवठादारांची खाती मागितली आहेत, आणि साठा पाहायला आमचा स्टोअरकीपर सोमवारी जाणार आहे.